ऑनलाइन बैठकीची पहिली अडीच मिनिटे : माइक, चॅट आणि सर्वांचा आवाज

विहार समितीची, अभ्यासिकेची किंवा जयंती उत्सवाच्या तयारीची बैठक आता बऱ्याचदा मोबाईलवर होते. गावातली माणसे, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले आणि आखाती देशात गेलेले भाऊबंद एका वेळी एकत्र येऊ शकतात, हा तिचा मोठा फायदा आहे. पण अशा अनेक बैठकांत पहिली पंधरा मिनिटे "आवाज येतोय का?", "काका, माइक बंद करा" आणि "कोणाच्या तरी घरी टीव्ही चालू आहे" यातच जातात. त्यानंतर ज्यांना मोबाईल सफाईने वापरता येतो ते पाच-सहा जण बोलतात. बाकीचे ऐकतात, निर्णय होतो आणि आठ दिवसांनी गावात कुरबुर सुरू होते की आम्हाला कोणी विचारलेच नाही.

यावरचा उपाय बैठकीच्या सुरुवातीलाच करता येतो. सूत्रसंचालकाने अडीच मिनिटांचे एक स्वागताचे निवेदन करावे आणि त्यात माइक कधी बंद, कधी सुरू, चॅट कशासाठी आणि निर्णय कसा होणार हे सांगावे. असे निवेदन कसे असावे आणि त्यातले प्रत्येक वाक्य का असावे, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण झूमचे घेतले आहे. इतर ॲपमध्ये बटणांच्या जागा बदलतात, तत्त्व तेच राहते.

बैठक कशी आहे ते आधी ठरवा

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका बुद्ध विहारात अभ्यासिका आहे. ती रात्री ९ वाजता बंद होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींची मागणी आहे की ती ११ पर्यंत उघडी ठेवावी. काही पालकांना मुलींच्या रात्री घरी परतण्याची काळजी आहे, तर समितीला वीजबिलाची आणि किल्ली कोणाकडे ठेवायची याची. बैठकीला साधारण पन्नास जण येतील. विषय छोटा आहे, पण प्रत्येकाचे त्यावर काहीतरी म्हणणे आहे.

झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. ही ४० मिनिटे होस्टने मीटिंग उघडली त्या क्षणापासून मोजली जातात, ठरलेल्या वेळेपासून नव्हे. रात्री ८ ची बैठक "लोक जमू द्या" म्हणून ७.४५ ला उघडली, तर ८.२५ ला ती तुटते आणि नेमका निर्णय अर्धवट राहतो. म्हणून ७.५७ ला उघडावी. मग हिशेब असा बसतो : लोक जोडले जाण्यासाठी ३ मिनिटे, स्वागताचे निवेदन अडीच मिनिटे, त्रिशरण-पंचशील ३, विषयाची मांडणी ४, नऊ जणांना प्रत्येकी २ याप्रमाणे १८, चॅटमधले प्रश्न वाचायला ३ आणि निर्णयाला ५. एकूण साडेअडतीस मिनिटे झाली. हातात फक्त दीड मिनिट उरते. निवेदन लांबवून दहा मिनिटांचे केले, तर तीन माणसांचे बोलणे कापले जाते, हे या हिशेबातून सरळ दिसते.

बैठक उघडण्याआधी होस्टने दोन गोष्टी करून ठेवाव्यात. एक, सेटिंगमध्ये `Mute participants upon entry` सुरू करावे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाचा माइक बंदच राहील. दोन, एका सहकाऱ्याला चॅट आणि उंचावलेले हात सांभाळायला सांगावे. बोलणाऱ्याकडे लक्ष देणे आणि चॅट वाचणे ही दोन्ही कामे एका माणसाकडून नीट होत नाहीत.

निवेदनाचा नमुना

"सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय. माझा आवाज येत असेल तर कॅमेऱ्यासमोर हात हलवा, नाहीतर चॅटमध्ये १ लिहा. ... धन्यवाद, बहुतेकांना आवाज येतो आहे.

"आजचा विषय एकच आहे. आपल्या विहाराची अभ्यासिका रात्री ९ ऐवजी ११ पर्यंत उघडी ठेवायची का, आणि ठेवायची तर किल्लीची जबाबदारी कोणाची. आठ पस्तीसला आपण बैठक संपवू.

"आत्ता सगळ्यांचे माइक बंद आहेत. ते इथून बंद केले आहेत, तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी `Raise hand` दाबा. ते सापडत नसेल तर चॅटमध्ये 'बोलायचे आहे' एवढेच लिहा. तेही जमत नसेल तर कॅमेऱ्यासमोर सरळ हात वर करा. हात ज्या क्रमाने वर होतील त्या क्रमाने मी नाव घेईन. नाव घेतल्यावर तुमच्या स्क्रीनवर `Unmute` असे येईल, ते दाबून बोला. प्रत्येकाला दोन मिनिटे. हा नियम समितीच्या अध्यक्षांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत सगळ्यांना सारखाच आहे. बोलून झाल्यावर माइक बंद करा. राहून गेला तर मी बंद करीन, त्याचा राग मानू नका.

"चॅटमध्ये तीनच गोष्टी लिहू : बोलायचे आहे, तुमचा प्रश्न, किंवा आवाज येत नसल्याची तक्रार. चॅट एक ताई सांभाळत आहेत. त्या मधूनमधून ते मोठ्याने वाचून दाखवतील, म्हणजे ज्यांना चॅट दिसत नाही त्यांनाही कळेल. जय भीमचे संदेश आता एकदा टाकू, चर्चा सुरू झाल्यावर नको.

"शेवटी ठराव वाचला जाईल आणि प्रत्येकाचे मत विचारले जाईल. जो गप्प राहील त्याचा होकार आहे असे धरले जाणार नाही.

"आता त्रिशरण-पंचशील. आपले एक उपासक मोठ्याने म्हणतील. आपण सर्वांनी माइक बंद ठेवूनच, आपापल्या घरी त्यांच्यामागे म्हणायचे आहे."

निवेदन एवढेच. हे लिहून काढावे आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहावे. तीन मिनिटांच्या वर जात असेल तर पाहुण्यांची ओळख आणि आभार शेवटी ढकलावेत, माइकचा भाग कापू नये.

माइक बंद का, आणि ते कसे सांगायचे

सभागृहात मागे दोन माणसे कुजबुजली तरी चालते, कारण आवाज दुरून येतो आणि आपला कान तो बाजूला टाकतो. ऑनलाइन बैठकीत प्रत्येक माइक जणू व्यासपीठावरच असतो. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न आणि वक्त्याचे बोलणे सगळे एकाच स्पीकरमधून बाहेर येते. शिवाय ॲप ज्याचा आवाज मोठा त्याचा चेहरा पडद्यावर आणते. त्यामुळे बोलणारी ताई बाजूला पडते आणि ज्याच्या घरी टीव्ही चालू आहे तो समोर दिसू लागतो.

गोंगाट दोन प्रकारचा असतो आणि त्यांची कारणे वेगळी असतात. बोलणाऱ्याला स्वतःचेच शब्द क्षणभराने परत ऐकू येत असतील, तर दोष बोलणाऱ्याचा नसतो. दुसऱ्या कोणाचा तरी माइक सुरू आहे, त्याच्या स्पीकरमधून बाहेर पडणारा आवाज त्याच्याच माइकमधून परत येतो आहे. ज्याच्यामुळे हे होते त्याला मात्र ते ऐकू येत नाही, म्हणून "कोणाचा आवाज घुमतोय?" असे विचारून काही उपयोग होत नाही. अशा वेळी बोलणाऱ्याशिवाय सगळ्यांचे माइक बंद करावेत, आवाज लगेच स्वच्छ होतो. दुसरा प्रकार म्हणजे कर्कश शिट्टीसारखा वाढत जाणारा आवाज. एकाच खोलीत दोन फोन बैठकीला जोडलेले असले की तो येतो. तिथे एकाच फोनचा आवाज आणि माइक ठेवावा, दुसऱ्याचे दोन्ही बंद करावेत.

आता नमुन्यातले "तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही" हे वाक्य पाहा. ज्यांनी नवीनच मोबाईल हाती घेतला आहे अशा मावशी-काकांना लाल रेघ मारलेला माइक दिसला की वाटते आपल्याकडून काहीतरी चुकले. ते गोंधळून बटणे दाबतात किंवा बैठक सोडून जातात. माइक बंद असणे हा सगळ्यांसाठीचा नियम आहे हे आधीच सांगितले की ती धास्ती जाते. मग भर बैठकीत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे नाव घेऊन "माइक बंद करा" म्हणण्याची पाळीही येत नाही. असे चारचौघांत टोकलेले माणूस पुढच्या बैठकीला बऱ्याचदा येत नाही.

होस्टला कोणाचाही माइक बंद करता येतो, पण सहसा तो स्वतः सुरू करता येत नाही. होस्ट फक्त विनंती पाठवतो आणि त्या माणसाने होकार दिल्यावरच माइक सुरू होतो. हे योग्यच आहे, नाहीतर कोणाच्या घरातले बोलणे त्याच्या नकळत सगळ्यांना ऐकू गेले असते. म्हणूनच "नाव घेतल्यावर `Unmute` येईल, ते दाबा" हे सांगावे लागते. नाव घेतल्यानंतर दहा सेकंद शांतपणे थांबावे. लगेच "बोला ना, बोला" म्हणत पुढच्याचे नाव घेतले तर ज्याला बटण सापडायला वेळ लागतो त्याची पाळी जाते.

`Mute all` करताना झूम विचारते की सहभागींना स्वतःचा माइक सुरू करू द्यायचा का. पन्नास माणसांच्या आपल्याच बैठकीत तो पर्याय शक्यतो सुरू ठेवावा. तो बंद केला की बोलण्याची किल्ली पूर्णपणे होस्टच्या हातात जाते, आणि एखाद्याला नियमाचा मुद्दा उपस्थित करायचा असला तरी करता येत नाही. अनोळखी लोक घुसून शिवीगाळ करू लागले तर तो पर्याय जरूर बंद करावा. पण तेव्हा "आत्ता मी सगळ्यांचे माइक बंद केले आहेत, कारण असे आहे" हे बोलून सांगावे.

वंदना एकाच्याच माइकवर का

विहारात आपण एका सुरात म्हणतो. ऑनलाइन ते होत नाही. प्रत्येकाचा आवाज त्याच्या नेटवर्कप्रमाणे वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो. पन्नास जणांनी माइक सुरू ठेवून म्हटले तर कोणी "बुद्धं" वर असतो, कोणी "गच्छामि" वर, आणि सगळ्यांना नुसता कलकलाट ऐकू येतो. त्यात ॲप अनेक आवाजांतला काही भाग गोंगाट समजून दाबते. म्हणून एकानेच म्हणावे आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरी म्हणावे. हे आधी सांगितले नाही तर श्रद्धेने मोठ्याने म्हणणाऱ्यांचे माइक मध्येच बंद करावे लागतात आणि त्यांना वाईट वाटते. निवेदनात वंदना माइकच्या नियमानंतर ठेवण्याचे कारण हेच आहे.

चॅट कोणासाठी

चॅटचा खरा उपयोग ज्यांना बोलता येत नाही त्यांना होतो. एका खोलीच्या घरात सासरची माणसे शेजारी बसलेली आहेत, अशा सुनेला अभ्यासिकेबद्दल मोकळेपणाने बोलता येईलच असे नाही. पण ती दोन ओळी लिहू शकते. नेटवर्क कमकुवत असलेल्या गावात आवाज तुटतो, तरी लिहिलेली ओळ पोहोचते. बसमधून प्रवास करणारा मुलगाही लिहू शकतो.

पण चॅट न वाचणारेही बरेच असतात. कोणाला वाचायला त्रास होतो, कोणाच्या फोनवर ते `More` च्या आत दडलेले असते. म्हणजे चॅटमध्येच मोठी चर्चा झाली तर एका बैठकीत दोन बैठका होतात, लिहिणाऱ्यांची वेगळी आणि ऐकणाऱ्यांची वेगळी. म्हणून चॅटमधला प्रश्न मोठ्याने वाचला गेला पाहिजे, आणि वाचताना माणसाचे नाव व गावही घ्यावे. एखादीने आपले नाव नको असे होस्टला कळवले असेल, तर नाव न घेता वाचावे.

पन्नास जणांनी "जय भीम", हात जोडलेले चिन्ह आणि निळे हृदय पाठवले की मधला प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. त्यामागची भावना चांगली आहे, त्यामुळे बंदी न घालता त्याला सुरुवातीची एक वेळ द्यावी. तसेच उशिरा आलेल्या माणसाला त्याच्या आधीचे चॅट सहसा दिसत नाही. सुरुवातीला टाकलेला ठरावाचा मसुदा किंवा अर्जाची लिंक पंधरा मिनिटांनी आणि निर्णयाआधी पुन्हा टाकावी.

खासगी संदेशांबाबत सावध राहावे. चॅटमध्ये संदेश कोणाला जातो आहे हे लिहिण्याच्या जागेजवळ दिसते. तिथे `Everyone` असताना एकाला उद्देशून लिहिलेला टोमणा सगळ्या बैठकीला दिसतो. उलट, दोन सहभागींमधले खासगी संदेश होस्टला दिसत नाहीत. एखाद्या मुलीला कोणी त्रास देणारे संदेश पाठवत असेल तर ते आपल्याला कळणारही नाही. म्हणून खुल्या बैठकीत सहभागींना एकमेकांना खासगी संदेश पाठवू देऊ नयेत. चॅट `Everyone` वर ठेवावे, म्हणजे लिहिलेले सगळ्यांसमोर राहते आणि होस्टला खासगीत कळवण्याचा मार्गही मोकळा राहतो.

गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान अशा नियमांचा त्यांनी उल्लेख केला. विनयातल्या संघकर्मात प्रस्ताव सर्वांसमोर मांडला जातो आणि महत्त्वाच्या बाबतीत तीनदा घोषित केला जातो. ज्याला मान्य आहे त्याने शांत राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे, अशी ती रीत आहे.

तिथे मौनाला अर्थ होता, कारण सगळे भिक्खू एका सीमेच्या आत समोरासमोर बसलेले असत आणि प्रस्ताव प्रत्येकाने ऐकलेला असे. ऑनलाइन बैठकीत ही अटच पूर्ण होत नाही. पडद्यावर नाव दिसणारा माणूस गप्प आहे कारण त्याला मान्य आहे, की त्याचा माइक बंद आहे, की नेटवर्क गेले आहे, की फोन कपाटावर ठेवून तो जेवायला बसला आहे, हे कळत नाही. माइक तर आपणच बंद केलेले असतात. त्यामुळे "कोणाची हरकत? नाही ना? ठराव मंजूर" असे ऑनलाइन म्हणणे म्हणजे तोंड बंद करून होकार घेण्यासारखे आहे.

आपल्या उदाहरणात निर्णय असा घ्यावा. ठराव एका वाक्यात लिहून चॅटमध्ये टाकावा आणि सावकाश तीनदा वाचावा. मग प्रत्येकाने चॅटमध्ये "मान्य", "अमान्य" किंवा "तटस्थ" लिहावे. एका फोनसमोर घरातले तिघे बसले असतील तर तिघांची नावे आणि मते लिहावीत, कारण आपण माणसे मोजतो आहोत, फोन नव्हे. "Galaxy" किंवा "iPhone" अशा नावाने आलेल्यांना आधीच नाव बदलून घ्यायला सांगावे, नाहीतर मत कोणाचे ते कळत नाही.

समजा हजेरीत ४६ नावे आहेत. ३१ जणांनी मान्य लिहिले, ५ जणांनी अमान्य, आणि १० जणांचे उत्तर नाही. इथे घाई न करता त्या दहा जणांची नावे एकेक करून घ्यावीत. त्यातले ४ जण बैठकीतून बाहेर पडलेले निघतात. तिघांना लिहिता येत नव्हते, ते माइक सुरू करून मान्य म्हणतात. दोघी अमान्य म्हणतात, एकाचे उत्तर येत नाही. म्हणजे ३४ मान्य, ७ अमान्य आणि ५ जणांचे मत मिळाले नाही. इतिवृत्तात हे तिन्ही आकडे लिहावेत. त्या दोघी अमान्य का म्हणाल्या हेही विचारावे. रात्री परतताना सोबत कोण, हा त्यांचा प्रश्न असेल, तर ठरावात तशी व्यवस्था जोडता येते. त्यांची नावे घेतली नसती तर हा प्रश्न इतिवृत्तात आलाच नसता.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. चॅटमधले मत सगळ्यांना दिसते, त्यामुळे समितीची निवडणूक, पैशांचा वाद किंवा एखाद्या व्यक्तीविरुद्धची तक्रार यांचा निकाल असा लावू नये. असे विषय विहारात समोरासमोर किंवा गुप्त मतदानाने सोडवावेत. पाचजणांचे मत मिळाले नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करावा. त्यांच्या मताने निकाल बदलणार नसला तरी त्यांचे म्हणणे इतिवृत्तात जोडावे आणि मगच ते समूहात पाठवावे.